एचएसजीची फिल्म कशी वाचावी: गर्भाशयाची पोकळी, दोन नळ्या आणि स्पिल

एचएसजी म्हणजे बोलीभाषेत नळ्यांचा एक्सरे. गर्भाशयाच्या तोंडातून आयोडीनयुक्त डाय हळूहळू आत सोडतात आणि तो पोकळीतून नळ्यांत, नळ्यांतून पोटात जात असताना फोटो काढतात. मूल होत नाही म्हणून आलेलं जोडपं फिल्मचं पाकीट घेऊन येतं, तेव्हा त्यातून बहुतेक वेळा शेवटची फिल्म आधी बाहेर येते. त्या फिल्मवर सगळीकडे पांढरं पसरलेलं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं, डाय गेला ना सगळीकडे, मग झालं. नव्या रेसिडेंट डॉक्टरांचाही हात त्याच फिल्मकडे जातो. माझ्या मते पाकिटातली सर्वांत फसवी फिल्म तीच. डाय कुठून निघाला, कोणत्या वाटेने गेला आणि किती वेळाने बाहेर पडला, हे त्या फिल्मवर पुसलेलं असतं. एचएसजी वाचायची म्हणजे फिल्म ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने वाचायच्या. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका सवयीभोवती फिरतं.

आधी फिल्म ओळीने लावा

चांगल्या तपासणीत निदान चार-पाच फिल्म असतात. पहिली डाय सोडण्याआधीची. दुसरी दोन-तीन मिली डाय गेल्यावरची, पोकळी अर्धवट भरलेली असताना. तिसरी पोकळी पूर्ण भरल्यावर, नळ्यांची सुरुवात दिसत असताना. चौथी नळ्या टोकापर्यंत भरून डाय बाहेर पडत असताना. पाचवी डाय सोडण्यासाठी मुखात बसवलेला कॅन्युला काढल्यावर, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी. त्या शेवटच्या फिल्मला डिलेड फिल्म म्हणतात. हल्ली प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असते, ती बघून क्रम लावा. पाकिटात एकच फिल्म असेल, तर बाकीचे फोटो सेंटरच्या संगणकातून मागून घ्या. एका फिल्मवरून ‘दोन्ही नळ्या उघड्या’ असं मी तरी लिहीत नाही.

मग डावं-उजवं ठरवा. बाई उताणी झोपलेली असते आणि फोटो आपण तिच्या समोर उभे राहून बघितल्यासारखा धरतो. त्यामुळे फिल्मची डावी बाजू म्हणजे तिची उजवी नळी. कोपऱ्यात शिशाचा मार्कर दिसतो. तो नसेल किंवा फिल्म उलटी धरली असेल, तर निरोगी नळीच बंद म्हणून लिहिली जाते. पुढे पोटातून दुर्बीण घालून लॅप्रोस्कोपी करणारा सर्जन मग ऑपरेशन टेबलापाशी गोंधळतो.

रंगाचीही खात्री करा. छापील फिल्मवर डाय पांढरा दिसतो, पण काही फ्लोरोस्कोपी मशीन चित्र उलटं देतात आणि डाय काळा दिसतो. वाचताना दोन्ही चालतं, फक्त डाय कोणता ते आधी ठरवून घ्यायचं. या लेखात डाय पांढरा धरला आहे.

डायआधीची फिल्म बहुतेक जण बाजूला टाकतात. ती दहा सेकंद तरी बघावी. ओटीपोटात आधीच कॅल्शियमचे ठिपके असतील, तर नंतर ते डायचे थेंब वाटू शकतात. नळीच्या किंवा लसिकाग्रंथींच्या जागी कॅल्शियम दिसलं, तर आपल्या देशात जुन्या क्षयरोगाची शंका मनात ठेवावी लागते. आतड्यातला वायू कुठे आहे हेही इथेच कळतं. पुढे एखादी काळी गोल जागा दिसली, तर तिची खातरजमा करायला ही फिल्म कामी येते.

आणखी एक गोष्ट फिल्मवर दिसत नाही, पण विचारावी लागते: तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली. रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज बाहेर पडण्याआधी, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी अस्तर पातळ असतं आणि गर्भ राहिल्याची शक्यता जवळजवळ नसते. उशिरा केली तर जाड अस्तराच्या घड्या पोकळीच्या कडेला खडबडीत दाखवतात आणि नसलेला आजार लिहिला जातो.

पोकळी: दुसरी फिल्म आधी, तिसरी नंतर

निरोगी पोकळी उलट्या त्रिकोणासारखी दिसते. वरची बाजू म्हणजे फंडस. ती सपाट किंवा किंचित आत दबलेली असते. वरचे दोन कोपरे म्हणजे कॉर्नू, नळ्या तिथूनच निघतात. बाजूच्या दोन कडा गुळगुळीत, जरा आत वळलेल्या. खाली त्रिकोण निमुळता होत गर्भाशयाच्या मुखाच्या नळीला मिळतो. या नळीच्या कडेला पिसासारख्या बारीक रेषा दिसू शकतात. त्या ग्रंथी आहेत, आजार नाही.

पहिला प्रश्न: हा त्रिकोण समोरून दिसतोय का? बऱ्याच बायकांचं गर्भाशय पुढे झुकलेलं असतं. वरून फोटो काढला की त्रिकोण उभ्याने दबतो आणि बुटका, आडवा दिसतो. अशा फोटोवरून फंडसच्या आकाराबद्दल काही बोलू नये. तपासणी करताना व्हल्सेलम नावाच्या चिमट्याने गर्भाशयाचं मुख हळूच खाली ओढलं की गर्भाशय सरळ होतं आणि त्रिकोण उघडतो. ओढ दिलेली फिल्म पाकिटात आहे का ते शोधा.

दुसरा प्रश्न: पांढऱ्या पोकळीत एखादी काळी जागा आहे का? डाय जिथे पोहोचला नाही ती जागा काळी राहते. तिला फिलिंग डिफेक्ट म्हणतात. तो शोधायचा तर दुसरी, अर्धवट भरलेली फिल्म बघावी. डाय थोडा असतो तेव्हा छोटा पॉलिपही उठून दिसतो. पोकळी गच्च भरली की डाय त्याच्या पुढून-मागून पसरतो आणि पॉलिप त्यात बुडून जातो. थोड्या दुधात टाकलेला बदाम दिसतो, भांडं भरलं की दिसत नाही, तसंच हे.

डिफेक्ट दिसला की तो प्रत्येक फिल्मवर त्याच जागी, त्याच आकाराचा आहे का ते तपासा. हवेचा बुडबुडा गोल, काठ रेखीव असलेला असतो. तो एका फिल्मवर फंडसजवळ, पुढच्या फिल्मवर कॉर्नूपाशी आणि त्यानंतर गायब असतो. सिरिंजमधली हवा नीट काढली नाही की असे बुडबुडे येतात, आणि पॉलिप म्हणून त्यांचं निदान व्हायला वेळ लागत नाही. पॉलिप आणि आतल्या बाजूचा फायब्रॉइड जागेवर टिकतात. दोघांचेही काठ गुळगुळीत असतात, त्यामुळे एचएसजीवर दोघांत फरक करायच्या भानगडीत पडू नये. ते काम हिस्टेरोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने थेट पोकळीत बघण्याचं.

चिकटलेल्या भिंती, म्हणजे सायनेकिया, वेगळ्या दिसतात. त्यांची काळी जागा गोल नसते. फाटलेल्या कागदासारखी कोनेरी, टोकदार, आडवी-तिडवी असते, आणि कितीही डाय भरला तरी तशीच राहते. इतिहासात क्युरेटिंग झालेलं असेल किंवा टीबी असेल, तर ही शंका बळावते. पोकळी फारच चिकटली असेल, तर त्रिकोण उरतच नाही, एखादी वाकडी फट तेवढी दिसते.

डाय सोडायला फोलीचा, म्हणजे टोकाशी फुगा असलेल्या कॅथेटरचा, बल्ब वापरला असेल, तर पोकळीच्या खालच्या भागात मोठा गोल डिफेक्ट दिसतो. तो बल्बच आहे. पण त्याच्यामागे झाकलेला भाग अजून बघायचा राहिला आहे, म्हणून बल्ब सोडून बाहेर काढतानाची एक फिल्म असावी. ती नसेल तर ‘खालचा भाग पाहता आला नाही’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

तिसरा प्रश्न आकाराचा. फंडस खोल आत आलेला असेल आणि पोकळी दोन शिंगांत विभागलेली दिसत असेल, तर दोन शक्यता असतात. एक, गर्भाशय बाहेरून एकसंध आहे आणि आत पडदा आहे. दोन, गर्भाशयच वरून दुभंगलेलं आहे. शिंगांमधला कोन 75 अंशांपेक्षा कमी असेल तर पडदा आणि 105 अंशांपेक्षा जास्त असेल तर दुभंगलेलं गर्भाशय, असा जुना ठोकताळा आहे. मधल्या कोनांमध्ये तो काहीच सांगत नाही, आणि टोकांनाही चुकतो. कारण साधं आहे: एचएसजीत फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरचा पृष्ठभाग दिसत नाही. घराच्या आतून बघून छताचा बाहेरचा आकार सांगायचा तसा हा प्रकार. पडद्यासाठी हिस्टेरोस्कोपीने शस्त्रक्रिया होऊ शकते, दुभंगलेल्या गर्भाशयात मात्र तशी कात्री चालवणं धोक्याचं. म्हणून इथे रिपोर्टमध्ये दोन्ही शक्यता लिहून थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवावी.

केळ्यासारखी एकाच बाजूला झुकलेली, लहान पोकळी आणि एकच नळी दिसली, तर एकशिंगी गर्भाशय असू शकतं. इथे ‘दुसरी नळी बंद’ असं लिहिणं ही मोठी चूक. सोनोग्राफीत दुसरं शिंग आणि दोन्ही मूत्रपिंडं बघायला सांगावं, कारण गर्भाशयाच्या अशा रचनेबरोबर न दिसणाऱ्या शिंगाच्या बाजूचं मूत्रपिंड नसण्याचं प्रमाण जास्त असतं.

नळीचा प्रवास बोटाने आखा

आता कॉर्नूपासून सुरुवात करा आणि प्रत्येक नळी स्वतंत्रपणे बोटाने आखत न्या. मी अजूनही हे करतो, आधी उजवी मग डावी, दोन्हींकडे एकदम बघत नाही. गर्भाशयाच्या भिंतीतून नळी निघते तो छोटा भाग, मग दोऱ्याएवढा बारीक इस्थमस, आणि मग रुंद होत जाणारा, नागमोडी अँपुला. अँपुलात लांबट बारीक रेषा दिसल्या तर चांगलं लक्षण. त्या आतल्या अस्तराच्या घड्या आहेत. शेवटी झालरीसारखं टोक, म्हणजे फिम्ब्रिया. ते स्वतः दिसत नाही, तिथून डाय बाहेर पडताना दिसतो.

बोट जिथे अडेल ती जागा महत्त्वाची, कारण प्रत्येक जागेचा अर्थ वेगळा.

अगदी कॉर्नूपाशी अडलं तर घाईने निकाल देऊ नका. डाय आत ढकलल्यावर गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि नळीचं तोंड तात्पुरतं मिटतं. कॉर्नूपाशी श्लेष्माचा खडाही अडकू शकतो. खरा तंतुमय अडथळाही असू शकतो. ही तिन्ही कारणं फिल्मवर सारखीच दिसतात, आणि नुसत्या आकारावरून ओळखण्याचा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. फरक तपासणीच्या टेबलावरच करावा लागतो: डाय सोडणं थांबवायचं, हायोसीन ब्यूटाइलब्रोमाइडचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या बस्कोपॅनचं इंजेक्शन द्यायचं, काही मिनिटं थांबायचं, कूस बदलायला लावायची आणि मग अगदी कमी दाबाने पुन्हा डाय सोडायचा. असं काही केलं होतं का, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असावं. लिहिलेलं नसेल तर ‘कॉर्नूपाशी ब्लॉक’ हे अंतिम निदान नव्हे. अशा अडथळ्याची तपासणी पुढच्या महिन्यात पुन्हा केल्यावर नळी उघडी निघालेली मी कित्येकदा पाहिली आहे.

एका बाजूची नळी सहज भरते तेव्हा आणखी एक गंमत होते. डाय पाण्याच्या वाटेने जातो: जिथे अडथळा कमी तिकडे सगळा ओढला जातो. मग दुसऱ्या नळीत दाबच तयार होत नाही आणि ती बंद वाटते. म्हणून ‘एक उघडी, एक बंद’ या निकालावर माझा विश्वास सगळ्यात कमी असतो. दोन्ही बंद दिसण्यापेक्षाही कमी.

मधल्या भागात, इस्थमसमध्ये, सुईसारखी नळी अचानक थांबली तर बहुधा खरी अडचण असते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर नळी इथेच थांबते आणि नळी परत जोडण्याचा विचार असेल तर किती लांबीचा बुंधा उरला आहे हे याच फिल्मवर मोजतात. इस्थमसच्या भिंतीत बाजूला ठिपक्यांसारखे छोटे कप्पे भरले तर त्याला साल्पिंजायटिस इस्थमिका नोडोसा म्हणतात. नळी उघडी असली तरी अशा नळीत गर्भ अडकण्याचा, म्हणजे नळीतल्या गर्भधारणेचा धोका वाढलेला असतो.

क्षयरोगाने ग्रासलेल्या नळ्या आपल्याकडे वाचता यायलाच हव्यात. नळी दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी, कुठे अरुंद कुठे फुगलेली, किंवा वळणंच नसलेली, ताठ, नरसाळ्याच्या दांड्यासारखी दिसते. कधी टोक फुगून चंचीच्या तोंडासारखं आवळलेलं दिसतं. पुस्तकात त्याला टोबॅको पाउच म्हणतात, आपल्याला चंची सांगितली की लगेच डोळ्यांपुढे येतं. एचएसजी मात्र टीबीची शंका देते, टीबी सिद्ध करत नाही. पुढे अस्तराचा नमुना आणि बाकी तपासण्या लागतात.

स्पिल: डाय पसरला की साचला

स्पिल म्हणजे नळीच्या टोकातून डाय पोटाच्या पोकळीत सांडणं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सावकाश.

खऱ्या स्पिलला स्वतःचा आकार नसतो. डाय आतड्यांच्या वळणांमध्ये शिरतो, त्यांच्या कडा पांढऱ्या रेषांनी आखतो, ओटीपोटाच्या खालच्या खळग्यात उतरतो. ओल्या कागदावर शाईचा थेंब पडला की कडा विरघळत जातात, तसं हे दिसतं. काही मिनिटांनी बघाल तर पसारा वाढलेला आणि रंग फिका झालेला असतो.

अडकलेल्या डायला मात्र आकार असतो. नळीचं टोक बंद असेल तर अँपुला फुगत जातो, घड्या दिसेनाशा होतात आणि डाय एका गोलसर पिशवीत साचतो. हा हायड्रोसाल्पिंक्स. टोक उघडं असूनही भोवती चिकटपणा असेल, तर डाय बाहेर येतो पण एका कप्प्यातच राहतो. त्याच्या कडा गोल, रेखीव असतात, आतड्यांमध्ये शिरत नाहीत. याला लोक्युलेटेड स्पिल म्हणतात. दोन्ही ठिकाणी पांढरा गोळा दिसतो. गोळा नळीच्या रेषेतच असेल तर हायड्रोसाल्पिंक्स, नळीच्या टोकाबाहेर असेल तर चिकटपणा, असा अंदाज बांधता येतो. पण त्याची पक्की खात्री लॅप्रोस्कोपीतच होते.

या दोन चित्रांमध्ये निवाडा करतो तो वेळ. चौथी फिल्म आणि पंधरा-वीस मिनिटांनंतरची फिल्म शेजारी-शेजारी ठेवा. चौथ्या फिल्मवर नळीच्या टोकाशी असलेला पांढरा गोळा डिलेड फिल्मवर विरून गेला, तर स्पिल खरा. तसाच, त्याच जागी, त्याच कडांसह उभा असेल, तर डाय मोकळा सांडलेलाच नाही. हायड्रोसाल्पिंक्स किंवा फुगलेली नळी दिसली, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं. अशा नळीत डाय गेल्यावर संसर्ग भडकण्याचा धोका जास्त असल्याने तपासणीनंतर अँटिबायोटिक देण्याची पद्धत आहे. पुढे आयव्हीएफ करायचं असेल तरीही ही माहिती निर्णायक ठरते. फुगलेल्या नळीतलं पाणी पोकळीत उतरून गर्भ रुजण्यात अडथळा आणतं, त्यामुळे ती नळी आधी काढायची की बांधायची याचा विचार केला जातो.

आता शेवटच्या फिल्मची फसवणूक. समजा फक्त उजवीकडून डाय सांडला. गर्भाशयामागच्या खळग्यातून तो काही मिनिटांत डाव्या बाजूला वाहत जातो. डिलेड फिल्मवर दोन्हीकडे पांढरं दिसतं आणि ‘दोन्हीकडे स्पिल’ असं लिहून मोकळं होता येतं. म्हणून स्पिल कोणत्या बाजूचा हे डिलेड फिल्मवर ठरवायचं नाही. ते चौथ्या फिल्मवर, नळीच्या टोकापाशी ठरवायचं: टोकाला पहिला थेंब लागताना दिसला का? डिलेड फिल्म फक्त एका प्रश्नाचं उत्तर देते: डाय टिकून आहे की पसरला.

आणखी एक भोंदू चित्र आहे. दाब जास्त झाला तर डाय गर्भाशयाच्या भिंतीतल्या शिरांत शिरतो. गर्भाशयाच्या कडेला बारीक जाळं किंवा वर-बाहेर धावणाऱ्या समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. कधी हे जाळं नळीसारखं, कधी स्पिलसारखं वाटतं. फरक असा: नळी कॉर्नूतून एकटी निघते आणि नागमोडी जाते, शिरा गर्भाशयाच्या बाजूच्या कडेतून पुष्कळ ठिकाणी निघतात आणि फांद्या फुटतात. आणि शिरांमधला डाय पुढच्या फिल्मवर झपाट्याने वाहून गेलेला असतो. हे दिसलं की दाब कमी करायचा असतो. तेलकट डाय वापरत असाल तर लगेच थांबायचं, कारण तेल फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतं.

एक केस, फिल्म फिल्मने

वय 29, लग्नाला चार वर्षं, एकदाही गर्भ राहिला नव्हता. नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट बरा. दुसरीकडे झालेल्या एचएसजीचा रिपोर्ट होता: ‘उजवी नळी कॉर्नूपाशी बंद, डावी नळी उघडी व स्पिल दिसतो, पोकळीत पॉलिपची शंका.’ ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण चित्रं हीच होती.

फिल्म वेळेनुसार लावल्या. पहिली स्वच्छ. दुसरीत फंडसच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरचा गोल काळा ठिपका. रिपोर्टमधला ‘पॉलिप’ हाच. तिसऱ्या फिल्मवर तोच ठिपका डाव्या कॉर्नूपाशी सरकला होता, चौथीत कुठेच नव्हता. बुडबुडा. पॉलिपसाठी हिस्टेरोस्कोपी करण्याचा विचार इथेच बाद झाला.

तिसऱ्या फिल्मवर उजवा कॉर्नू रिकामा, डावी नळी इस्थमसपर्यंत भरलेली. चौथ्या फिल्मवर डावी नळी टोकापर्यंत भरली होती, अँपुला रुंद, आतल्या रेषा नीट दिसत नव्हत्या, आणि टोकापाशी लिंबाएवढा रेखीव पांढरा गोळा. उजवीकडे गर्भाशयाच्या कडेला बारीक जाळं. म्हणजे उजवी भरत नाही म्हणून दाब वाढवला गेला होता आणि डाय शिरांत शिरला होता. डिलेड फिल्म नव्हतीच. मग ‘डावीकडे स्पिल’ हे कशावरून? त्या गोळ्यावरून. आणि गोळ्याला कडा होत्या.

माझं म्हणणं इतकंच होतं की या पाकिटावरून उजवी बंद आहे असंही म्हणता येत नाही आणि डावी चांगली आहे असंही म्हणता येत नाही. बाई म्हणाली, “म्हणजे डॉक्टर, जी चांगली म्हणून सांगितली तीच खराब निघायची?” शक्य होतं.

दोन पाळ्यांनंतर, नवव्या दिवशी तपासणी पुन्हा केली. हवा काढलेली सिरिंज, आधी बस्कोपॅन, दोन मिलीवर पहिली फिल्म. ठिपका नाही, त्रिकोण नीट. डावी नळी पुन्हा आधी भरली, उजवीकडे काही नाही. तिथेच थांबलो. पाच मिनिटं डाय सोडला नाही, तिला कूस बदलायला लावली, मग अगदी सावकाश तीन मिली. उजव्या कॉर्नूतून दोरा निघाला. पुढच्या फिल्मवर उजवा अँपुला घड्यांसह दिसला, आणि टोकापाशी डाय आतड्यांच्या मध्ये शिरत होता. डावीकडे तोच गोळा.

वीस मिनिटांची फिल्म बघायला सोबतचा ज्युनियर आला. संपूर्ण ओटीपोटात फिकट पांढरं पसरलं होतं, दोन्ही बाजूंना. तो म्हणाला, “सर, दोन्हीकडे स्पिल.” एवढीच फिल्म कुणी पाहिली असती तर तेच लिहिलं असतं. पण त्या फिकट पसाऱ्यात, डावीकडे, जरा दाट पांढरी एक गोल कड अजून तशीच होती. सुटलेला डाय उजव्या बाजूचा होता आणि तो खळग्यातून डावीकडे वाहत आला होता. डावीकडचा डाय जिथे होता तिथेच.

रिपोर्ट असा लिहिला: पोकळी आकाराने नॉर्मल, फिलिंग डिफेक्ट नाही. उजवी नळी सुरुवातीला भरली नाही, विश्रांतीनंतर टोकापर्यंत भरली, मुक्त स्पिल. डावी नळी भरली, टोकापाशी डाय कप्प्यात अडकलेला, वीस मिनिटांनीही तसाच, नळीच्या टोकाभोवती चिकटपणाची शंका. लॅप्रोस्कोपीत निळा डाय सोडून तपासल्यावर उजव्या टोकातून तो लगेच बाहेर पडला. डाव्या टोकाभोवती पातळ पडद्यांसारखा चिकटपणा होता आणि निळा रंग त्या पडद्यांच्या आतच साठला.

ही केस जुळली म्हणून एचएसजी नेहमी जुळते असं समजू नका. नळी उघडी आहे की बंद या प्रश्नावर 1995 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे होते: खरोखर बंद असलेल्या नळ्यांपैकी सुमारे 65 टक्के एचएसजी पकडते आणि उघड्या नळ्यांपैकी सुमारे 83 टक्क्यांना उघडी म्हणते. नळीभोवतीचा चिकटपणा तर ती फार वेळा चुकवते. आणि डाय बाहेर पडला म्हणजे नळी बीज उचलेल, पुढे नेईल असं नाही. ती वाट मोकळी आहे, एवढंच फिल्म सांगते. या बाईच्या डाव्या बाजूचा चिकटपणा लॅप्रोस्कोपीतच सोडवला, पण पुढचा विचार उजव्या नळीच्या भरवशावर करायचं ठरलं. कोणत्या महिन्यात बीज उजव्या बीजांडकोषात तयार होतंय ते सोनोग्राफीने बघून.